वैद्यरांनी न खाल्लेलं पुडिंग

क्लेमंटच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये होतं आणि प्रभासेनन वैद्यरांना मानाच्या टेबलावर बसवलं होतं. क्लेमंट मच्छीमार, ख्रिस्ती, वैद्यर हिंदू, ईळव जातीचे. पण पुत्तनकडवच्या त्या किनाऱ्यावर वैद्यरांच्या वडिलांनी तीन पिढ्यांची बाळंतपणं निभावली होती, विंचू उतरवले होते, कावीळ झालेल्यांना बरं केलं होतं. त्यामुळे कुणाच्याही घरचं शुभकार्य असलं तरी वैद्यरांचं पान मांडलेलंच असायचं.

जेवण तसं थाटाचं होतं. क्लेमंटच्या भावाच्या होडीला मोठे कुपे मिळाले होते आणि "माझ्या पोरीच्या साखरपुड्याला बाजारातला मासा येणार नाही" असं क्लेमंट आठवडाभर सांगत फिरत होता. कुप्याचं लालभडक, कुडमपुळीच्या आंबट सालींनी दाटलेलं कालवण, शिजवलेला कसावा, कोंबडी, भात. शेवटी गावात केक-पुडिंगची कामं घेणाऱ्या पुष्पमने केलेलं अननसाचं पुडिंग. काचेच्या वाट्यांतून ते फिरायला लागलं तसा वैद्यरांनी आपल्या पानावर आडवा हात धरला.

"वैद्यर, एवढंसं तरी?" वाढणारी पोरगी म्हणाली.

"मासा खाल्लाय ना मी, बाई. आता दूध नाही."

शेजारी बसलेली नवऱ्या मुलाची आत्या, एर्नाकुलमहून आलेली, सोन्याच्या चष्म्यातून बघत हसली. "अजून पाळता होय हे तुम्ही?"

"पाळतो म्हणून तर या वयात चष्मा नाही," वैद्यर म्हणाले आणि टेबलावरचे सगळे हसले.

हात धुवून मंडळी बडीशेप तोंडात टाकतायत तोवर पहिल्यांदा मुलीचा मामा उठला आणि म्हणाला, डोकं फुटतंय. त्याचं तोंड, मान, कानाच्या पाळ्या अशा लाल झाल्या होत्या जणू कुणी गरम पाण्याने शेकलंय. मग त्याच टेबलावरची दोन माणसं अंग खाजवायला लागली. पलीकडे कुणी ओकलं. नवऱ्या मुलाच्या आत्याचा गळा तांबडा झाला, अंगावर गांधी उठल्या आणि तिने छाती धरली. "धडधडतंय. माझं धडधडतंय फार." हॉलमध्ये एकच गलका झाला. रिक्षा बोलावल्या गेल्या. कुणीतरी ओरडलं, "वैद्यर! वैद्यरांना बघू द्या!"

वैद्यरांनी मामाचं मनगट धरलं, पापणी ओढून पाहिली, गळ्यावरचे चट्टे बोटाने दाबून पाहिले. रक्त खवळलेलं. कातडीवर उठलेलं. लहानपणी वडिलांच्या मांडीला मांडी लावून घोकलेले श्लोक त्यांच्या जिभेवर आपसूक आले. मासा आणि दूध एकत्र पोटात गेलं की रक्त दूषित होतं, त्यावर आंबट फळ म्हणजे आगीत तेल. समोर नेमकं तेच तर घडत होतं.

"काय खाल्लंत शेवटी?" त्यांनी विचारलं.

"पुडिंग," मामा कण्हला.

वैद्यर ताठ उभे राहिले. "मासा. त्यावर आंबट अननस. त्यावर दूध. विरुद्ध अन्न हे! एका पानात हे तिन्ही वाढायचं असतं का कधी?"

ते फार मोठ्याने बोलले नव्हते. पण सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे पुष्पम रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती.

"पाहिलंत?" आत्या रिक्षाकडे जाता जाता म्हणाली. "आम्हाला बोलावून विष घातलं."

आजारी माणसांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शनं दिली, सलाईन लावली आणि संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळे घरी परतले. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण सोयरीक मात्र लटकली.

वैद्यर त्या दिवशी हॉलमधून चालतच घरी निघाले. समुद्राकडून वारा होता, तरी मध्यावर येईतो त्यांना गरगरायला लागलं. मानेमागे ऊब चढली. ऊन लागलं असेल, त्यांना वाटलं. मग ओठ चुरचुरायला लागले. जिभेवर मिऱ्याची पूड टाकल्यासारखं झणझणलं. अंगणात पोचले तेव्हा कानात ठोके ऐकू येत होते.

बायको, विलासिनी, वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने वळून पाहिलं आणि हातातला पंचा तसाच राहिला. "अहो, तोंड केवढं लाल झालंय तुमचं! गळा बघा."

"ऊन."

"ढग आहेत की सकाळपासून."

"ऊन म्हटलं ना." वैद्यर आत गेले, कपाटातून विषबाधेवरची बिल्वादी गुटी काढली, उगाळून घेतली आणि पडून राहिले. छताचा पंखा फिरत होता. अंग खाजत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, तिला ते जवळ येऊ देत नव्हते. मी पुडिंग खाल्लं नाही. मी हात आडवा धरला. संध्याकाळी सगळं ओसरलं. गुटीने उतरलं, ते स्वतःला म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की कशाने उतरलं हा प्रश्नच नव्हता.

पुढच्या चार-दोन दिवसांत गावाने जे करायचं ते केलं. पुष्पम विधवा नव्हती, नवरा आखातात होता आणि पैसे पाठवायचा; पण पुडिंग, केक, तांदळाचा वाफवलेला वट्टयप्पम हा तिचा स्वतःचा धंदा होता आणि त्याचा तिला अभिमान होता. बचत गटातल्या बायकांना हाताशी धरून तिने तो उभा केला होता. चर्चमधल्या मुलांच्या पहिल्या परमप्रसादाच्या समारंभाची दोन मोठी कामं होती, ती दोन्ही फोनवरच परत गेली. गटातल्या एकीने सांगितलं, "पुष्पम चेची, काही दिवस माझं नाव नको लावू." रस्त्याने जाताना पोरं "विष पुडिंग!" ओरडून पळायची. आणि प्रत्येक जण बोलताना शेवटी म्हणायचा, "आम्ही नाही, वैद्यर म्हणाले."

ती एका दुपारी वैद्यरांच्या दुकानात आली. दुकान म्हणजे पुढे औषधं आणि मागे तपासायची खोली. आसवं-अरिष्टांच्या तपकिरी बाटल्यांच्या रांगा आणि तेलाचा जुना वास. ती रडत नव्हती. समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वैद्यर, मी काय घातलं त्यात ते विचारायचं तरी होतं."

"तुझ्या हातात दोष आहे असं म्हणालोच नाही मी, पुष्पम. संयोग वाईट म्हणालो."

"लोकांना कुठे कळतो संयोग? लोकांना मी कळते." तिने पदराने मान पुसली. "अननस मी कच्चा घालत नाही. कच्चा घातला की दूध कडू होतं, जेली बसत नाही, हे माझ्या आईपासून माहीत आहे. साखरेत शिजवते चांगला, पाणी आटेपर्यंत. थंड झाला की मग दुधात. फाटत नाही, काही नाही. आणि हे बघा, उरलेलं भांडं क्लेमंटच्या पुतण्यांनी चाटून पुसून खाल्लं. कोंबडी आणि पुडिंग, एवढंच जेवली ती पोरं. त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही."

"पोरांनी मासा खाल्ला नसेल ना. तेच तर मी म्हणतोय. दोन्ही एकत्र गेलं की."

"मग ज्यांनी नुसता मासा खाल्ला त्यांचं काय? त्यांना काही झालं का ते कुणी बघितलं?" तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही पुडिंग नव्हतं घेतलं. मला आठवतंय, वाढणाऱ्या लिसाने येऊन सांगितलं होतं, वैद्यरांनी नको म्हटलं. मासा मात्र घेतला होतात. तुम्हाला काही झालं?"

बाहेरून मासळीचा टेम्पो भोंगा वाजवत गेला. तो जाईपर्यंत वैद्यरांना उत्तर द्यायला वेळ मिळाला होता आणि तो त्यांनी असा वापरला.

"नाही," ते म्हणाले.

पुष्पमने मान हलवली. "झालं तर मग," ती म्हणाली, उठली आणि गेली.

वैद्यर खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. औषधाने गुण येणार नसेल तर ते रोग्याला तसं सांगत, पैसे परत करत. म्हणूनच तो एक शब्द त्यांना पचेना. रात्री त्यांनी वडिलांची पोथी काढली. सगळे मासे दुधाबरोबर वर्ज्य, एक चिलिचिम मासा तर विशेष करून. आंबट फळं दुधाबरोबर वर्ज्य. शब्द तेच होते, लहानपणी होते तसे. फक्त आता त्यांना पहिल्यांदाच जाणवलं की पोथीत कुणीही असं विचारलेलं नव्हतं, की ज्यांनी दूध प्यायलं नाही त्यांचं काय झालं.

सकाळी त्यांनी बस धरली आणि तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर शबना तिशीची, मलप्पुरमची, बोलण्यात भरभर आणि डोळ्यांत झोप. त्या दिवशी अपघात विभागात तीच होती. वैद्यरांना ती नावाने ओळखत होती. तिचे काही रोगी त्यांच्याकडून तिच्याकडे आणि काही तिच्याकडून त्यांच्याकडे जात.

"वैद्यर! बसा. तुमच्याबद्दलच बोलत होते लोक इथे. विरुद्ध अन्नाने झालं म्हणाले. मी म्हटलं, वैद्यरांना भेटले की विचारते."

"मीच विचारायला आलोय. तुम्हाला काय वाटलं?"

"मला बघताक्षणी मासा वाटला. चेहरा लाल, डोकेदुखी, गांधी, धडधड, आणि जेवल्यावर तासाच्या आत. एकदोघांना मी विचारलं, तोंडात मिरी चावल्यासारखं झणझणलं का? हो म्हणाले."

वैद्यरांनी आपले हात गुडघ्यांवर ठेवले. "जीभही?"

"जीभ, ओठ. का हो?"

ते म्हणाले, "मलाही झालं होतं. आणि मी पुडिंगला शिवलो नव्हतो."

शबनाने खुर्ची पुढे ओढली. हसली नाही, याबद्दल वैद्यरांना पुढे कितीतरी दिवस तिचं कौतुक वाटत राहिलं. "कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. पहिल्यांदा."

मग तिने समजावून सांगितलं. कुपा, बांगडा, सुरमई अशा लालसर मांसाच्या माशांत एक घटक मुळातच भरपूर असतो. मासा मेल्यावर बर्फात गेला नाही, उबेत पडून राहिला, की त्याच्यावरचे जिवाणू त्या घटकाचं हिस्टामिन करतात. आपलं अंग ॲलर्जीच्या वेळी जे सोडतं तेच. म्हणून दिसतं हुबेहूब ॲलर्जीसारखं. "आणि वाईट काय, तर मासा दिसायला ताजा असू शकतो. वासही येत नाही कधीकधी. एकदा तयार झालं की उकळा, तळा, गोठवा, ते जात नाही. जिवाणू मरतात, हे राहतं."

"पण सगळ्यांना का नाही झालं? मासा तर जवळजवळ सगळ्यांनीच खाल्ला."

"एका माशात खूप असतं, शेजारच्यात काहीच नसतं. एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही फरक. तुमच्या टेबलावर जास्त झालं ना? एकाच पातेल्यातलं वाढलं असणार."

वैद्यरांनी मान हलवली. मानाच्या टेबलासाठी वेगळं पातेलं काढलं होतं, मोठाल्या तुकड्यांचं.

"आणि दूध?" त्यांनी विचारलं. "अगदी काहीच नाही? हजारो वर्षं लोक म्हणतायत."

"वैद्यर, तुमच्या ग्रंथांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. माझी आईसुद्धा मासळीच्या दिवशी घरात दूध तापवत नाही. म्हणते, अंगावर पांढरे डाग येतील. पण मासा आणि दूध एकत्र झाल्याने विष होतं असं कुणी तपासून दाखवलेलं मी तरी वाचलेलं नाही. जगात कितीतरी ठिकाणी मासा दुधात, सायीत शिजवून खातात. बंगाल्यांचा तर दह्यातला मासा. ज्याला दूध पचत नाही त्याचं पोट दुधाने बिघडतं, ज्याला मासळीची ॲलर्जी त्याला मासळीने होतं. दोन्ही एकाच जेवणात गेली तर दोष जोडीवर जातो."

"आंबट फळाने दूध फाटतं, हे तरी डोळ्यांनी दिसतं."

"भांड्यात फाटलेलं दिसतं. पोटात तर सगळंच दूध फाटतं, फळ खा नाहीतर नका खाऊ. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा आंबट असतं. दुधाचं पचन सुरूच तिथून होतं. तान्ही बाळं दही ओकतात ते कुठून येतं?"

हे वैद्यरांना माहीत होतं. शेकडो बाळांच्या आयांना त्यांनीच सांगितलं होतं की घाबरू नका, दूध पोटात विरजतंच. आणि तरीही मनात ते एका खोलीत ठेवलं होतं आणि पोथी दुसऱ्या खोलीत. मधलं दार त्यांनी कधी उघडलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून विचार करत राहिले. ग्रंथ लिहिणारे मूर्ख नव्हते. त्यांनी माणसं लाल झालेली पाहिली असतील, चट्टे पाहिले असतील, आणि पानात मासा आणि दूध दोन्ही पाहिलं असेल. जिवाणू कुणाला दिसणार? त्यांनी जे दिसलं ते धरलं. कदाचित असंच झालं असेल, कदाचित नसेल. हा आपला अंदाज, आता त्याची साक्ष द्यायला कोण येणार? पण त्यांच्यापाशी तेव्हा जे नव्हतं ते आपल्यापाशी होतं. आपल्यापाशी तर स्वतःची जीभ होती.

गावात उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. आधी म्हाताऱ्या लाझरकडे गेले. लाझरला साखरेचा आजार, तो पुडिंगच्या वाटेला जाणार नाही. "तुला काही झालं होतं का रे त्या दिवशी?"

"झालं तर! पोरी म्हणाल्या म्हातारा चोरून प्यायला म्हणून लाल झाला. दिवसभर हिणवलं मला." लाझर बोळक्या तोंडाने हसला. "तुम्हीच सांगा त्यांना, वैद्यर, थेंब घेतला नव्हता मी."

आणखी दोन घरं. तीच गोष्ट. मासा टाळून पुडिंग खाल्लेला एकही आजारी सापडला नाही. पुडिंग टाळून आजारी पडलेले सापडले. मग ते क्लेमंटकडे गेले.

क्लेमंट ओसरीत जाळं विणत होता. वैद्यरांनी जे सांगायचं ते सांगितलं आणि विचारलं, "बर्फ होता का?"

क्लेमंटची सुई थांबली. "बर्फ कारखान्याचं मशीन बंद होतं त्या आठवड्यात. होडीत होता तो थोडका. मासे आदल्या संध्याकाळचे. सकाळी ओल्या गोणपाटाखाली ठेवले की. कल्ले लालबुंद होते, वैद्यर! चालायला लागल्यापासून मासे ओळखतोय मी."

"वासाने कळत नाही म्हणे हे."

"म्हणे!" क्लेमंट उठून उभा राहिला. "तुम्ही भर हॉलात दुधाला नाव ठेवलंत. आता माशाला ठेवता. उद्या तांदळाला ठेवाल. माझ्या पोरीच्या सासरच्यांना काय सांगू, की बापाने स्वतःच्या होडीचं विष घातलं?"

"त्यांना पुष्पमने घातलं असं सांगणं बरं वाटतं का तुला?"

क्लेमंट आत गेला. आतून त्याच्या बायकोचा, मर्सीचा, आवाज आला, "खरंच सांगतायत ते. मी तेव्हाच म्हटलं होतं, बर्फाशिवाय नको." मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

रविवारी मिस्सा झाल्यावर वैद्यर चर्चच्या आवारात उभे होते. ख्रिस्ती नसलेला माणूस अंगणात असा वाट बघत उभा, म्हणून लोक थबकले. फादर स्तानिस्लास बाहेर आले, वैद्यरांशी दोन शब्द बोलले आणि हात वर करून म्हणाले, "जरा थांबा रे सगळे. वैद्यरांना काही सांगायचंय."

वैद्यरांना भाषणाची सवय नव्हती. ते म्हणाले, "साखरपुड्याच्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. पुडिंगने काही झालं नाही. मी पुडिंग खाल्लं नव्हतं, फक्त मासा खाल्ला होता, आणि मलाही तेच झालं. तोंड लाल, अंगाला खाज. मी ते लपवलं. पुष्पम मला विचारायला आली तेव्हा तिलाही नाही म्हणालो." मग ते मच्छीमारांकडे वळले. "मासा उबेत राहिला की असं होतं. दिसायला ताजा असला तरी होतं. यात फसवणूक कुणाचीच नाही. बर्फ नव्हता. बस."

"म्हणजे आता मासळीवर पायसम चालेल, वैद्यर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

"तुला दूध पचत असेल तर चालेल, वर्गीस. तुला भात पचायची मारामार, ते आधी बघ."

पुन्हा हशा झाला. पण पुष्पम हसली नाही. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. घोळका पांगला तेव्हा ती जवळ आली. "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात ना," ती हळू म्हणाली, "तेव्हा मलाच वाटलं होतं, खरंच माझ्या हातून काही गेलं असेल. रात्रभर मी आठवत बसले, पातेलं नीट धुतलं होतं का." एवढं बोलून ती निघून गेली. रागावून बोलली असती तर वैद्यरांना सोपं गेलं असतं.

क्लेमंट त्या रविवारी चर्चला आला नव्हता. पण सोयरीक तुटली नाही. एर्नाकुलमच्या आत्याला दवाखान्यातल्या कागदावर डॉक्टरने मासळीचाच संशय लिहिलेला सापडला आणि तिने स्वतः फोन करून सांगितलं, "पोरीचा काय दोष त्यात? लग्नात कोंबडीच ठेवा म्हणजे झालं." लग्नात मासाही होता. क्लेमंट दूरच्या बंदरावरून बर्फ घेऊन आला होता, पेट्याच्या पेट्या, आणि हॉलच्या मागे त्या उघड्या करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. वैद्यरांशी तो बोलला नाही, पण त्यांच्या पानात मासा त्याने स्वतः वाढला. पुडिंग पुष्पमचंच होतं. वैद्यरांनी वाटी घेतली आणि सगळी संपवली. तरीसुद्धा निम्म्या हॉलने मासा खाल्ला तर पुडिंग खाल्लं नाही, आणि पुडिंग खाल्लं तर मासा. पुष्पमची कामं परत आली, पण सगळी नाहीत. काही घरांत अजूनही तिचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "काहीतरी झालं होतं ना तिचं?"

त्यानंतर काही महिन्यांनी सेलिन नावाची एक तरुण बाई दुकानात आली. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यापाशी आणि बोटांच्या पेरांवर पांढरे डाग होते, कडा स्पष्ट, चुन्याने रंगवल्यासारखे. वैद्यरांनी मुलीला उजेडात घेतलं, डागावर कापूस फिरवला, मग टाचणीचं टोक हलकेच लावलं. मुलीला दोन्ही कळलं, म्हणजे महारोग नव्हता; ती हात मागे ओढून हसली.

"माझ्यामुळे झालं," सेलिन म्हणाली. ती बहुतेक हे वाक्य पाठ करून आली होती. "पोटात होती तेव्हा मी बांगडा खाऊन दूध प्यायले होते. एकदाच. सासूबाईंनी बघितलं होतं. आता रोज ऐकवतात. हिला जन्मल्यापासून मासळीच्या दिवशी दूध दिलं नाही मी, तरी आलेच डाग."

वैद्यरांनी लेखणी खाली ठेवली. हे वाक्य त्यांनी किती तोंडांतून ऐकलं होतं? आणि किती वेळा मान हलवून "हं, तसंच असणार" म्हणाले होते? त्या बाया मान खाली घालून उठून गेल्या होत्या. त्यांतल्या काहींची नावं आठवत होती, बऱ्याच जणींची नव्हती.

"सेलिन, इकडे बघ," ते म्हणाले. "हे डाग मासा-दुधाने येत नाहीत. तुझ्या खाण्याने नाही, हिच्या खाण्याने नाही. अंगच आपल्या रंगाच्या पेशींवर उलटतं, म्हणून रंग जातो. का उलटतं ते मोठ्या डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. कुणाच्या घराण्यात असतं, कुणाच्या नसतं. हे लागत नाही, दुसऱ्याला होत नाही."

"मग कुणाचा दोष?"

"कुणाचाच नाही."

सेलिनला हे पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना. दोष कुणाचा तरी असणं तिला जास्त ओळखीचं होतं. "तुम्ही सासूबाईंना सांगाल?" तिने विचारलं.

"पाठव त्यांना. नाहीतर मीच येतो." त्यांनी मेडिकल कॉलेजच्या त्वचाविभागाला चिठ्ठी लिहिली. लवकर दाखवलं तर औषधं आहेत, उजेडाचे उपचार आहेत, हे समजावून सांगितलं. मग मुलीकडे वळून विचारलं, "दूध आवडतं का गं तुला?"

"नाही," मुलगी म्हणाली. "बांगडा आवडतो."

"मग तोच खा. फक्त आईला म्हणावं, बर्फातला आण."

दोघी गेल्या. वैद्यरांनी पुढच्या रोग्याला लगेच हाक मारली नाही. दाराबाहेर बाकावर चार-पाच माणसं बसली होती. त्यांत एक म्हातारी, पदराखाली हात झाकून घेतलेली. तिला त्यांनी कधीतरी पाहिलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी. काय सांगितलं होतं तेव्हा, ते त्यांना आठवेना.

"आत या, अम्मा," ते उठून दारापर्यंत जात म्हणाले.